पाव तरंगाचा तुकडा

१४५ मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओवरील लूप अँटेना सुमारे १०० ओहमचा, केबल ५० ओहमची. थेट जोडले तर शक्तीचा नववा हिस्सा परत फिरतो आणि एसडब्ल्यूआर मीटर २ दाखवतो.

मधे पाव तरंगाचा तुकडा घालायचा. ५० गुणिले १००चे वर्गमूळ ७०.७, बाजारातली ७५ ओहमची केबल चालते. हवेतली तरंगलांबी २०७ सेंटिमीटर, भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये तिच्या ६६ टक्के, म्हणजे १३७. पाव भाग ३४. हे ६६ टक्के विसरले की तुकडा हमखास लांब कापला जातो!

वेगळी केबल नसेल तर स्टब. अँटेनापासून २१ सेंटिमीटरवर ५० ओहमच्याच केबलचा, टोक शॉर्ट केलेला २१ सेंटिमीटरचा तुकडा समांतर जोडायचा. त्या जागी लाइनची वाहकता नेमकी जुळलेली असते. उरलेली धारिता स्टब खोडतो. वारंवारता फार बदलली की दोन्ही जुळण्या बिघडतात.