‘सरासरी पॅकेज ७ लाख’, पण रांगेतल्या मधल्या मुलाला किती?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कसमादे पट्ट्यात कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात. देवळ्यातल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्या फिरू लागतात. त्यात दोन आकडे मोठ्या अक्षरात असतात: सर्वाधिक पॅकेज आणि सरासरी पॅकेज. सर्वाधिक आकड्याला आपली माणसे सहसा फसत नाहीत. ज्याने उमराण्याच्या किंवा देवळ्याच्या बाजारात कांदा विकला आहे, त्याला ठाऊक असते की जास्तीत जास्त भाव एखाद्या ट्रॅक्टरला मिळतो. आपल्या ट्रॉलीला काय मिळेल हे पाहायला तो सर्वसाधारण दराचा रकाना वाचतो. पगाराच्या बाबतीत मात्र ‘सरासरी’ म्हणजेच सर्वसाधारण, असे आपण धरून चालतो. गफलत इथेच होते, आणि ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला जाते, त्या घराला ती सर्वात महाग पडते. कारण त्या एका आकड्याच्या भरवशावर कर्ज काढले जाते.

एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही एका कॉलेजचे नाहीत. एका वर्गातल्या ११ जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली. त्यांचे वार्षिक पॅकेज लाखात, लहानापासून मोठ्यापर्यंत, असे आहे: २.४, २.४, २.८, ३, ३, ३.२, ३.६, ३.६, ४.५, ६.५ आणि ४२.

सगळ्यांची बेरीज ७७ लाख. त्याला ११ ने भागले की सरासरी येते ७ लाख. जाहिरातीत हाच आकडा छापला जाईल आणि तो खोटाही नसेल. पण यादी पुन्हा पाहा. नेमका ७ लाख पगार एकालाही नाही. ११ पैकी १० जण सरासरीच्या खाली आहेत. वर आहे तो फक्त एक, ज्याला बाहेरच्या कंपनीने ४२ लाख दिले.

आता दुसरी रीत. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे करा आणि बरोबर मधला माणूस शोधा. ११ जणांत तो सहावा: त्याच्या खाली पाच, वर पाच. त्याचा पगार ३.२ लाख. यालाच मध्यक म्हणतात, इंग्रजी अहवालांत मीडियन. संख्या सम असेल, समजा १२ जण असतील, तर सहाव्या आणि सातव्याच्या पगाराची सरासरी घ्यायची. दहावीच्या गणितात सांख्यिकीच्या धड्यात हे सगळे शिकवलेले असते. पण तिथल्या शब्दांनीच गोंधळ होतो. पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ म्हणतात आणि मधल्या किमतीला ‘मध्यक’. ‘मध्य’ ऐकून मधला माणूस डोळ्यासमोर येतो, पण तो मधला नसतो. म्हणून आम्ही इथे ‘सरासरी’ आणि ‘मध्यक’ एवढेच दोन शब्द वापरत आहोत.

आता त्या ४२ लाखांच्या मुलाला कंपनीने ८६ लाख दिले असे समजा. बेरीज १२१ लाख होते आणि सरासरी थेट ११ लाखांवर जाते. बाकी दहा जणांच्या खिशात एक रुपयाही वाढला नाही, तरी पुढच्या वर्षीची जाहिरात म्हणेल की सरासरी पॅकेज ७ वरून ११ लाख झाले. मध्यक मात्र जागचा हलत नाही, तो ३.२ लाखच राहतो. उलट तो एक मुलगा यादीतून काढला, तर उरलेल्या दहांची सरासरी ३.५ लाख भरते. एका माणसाच्या असण्या-नसण्याने आकडा दुप्पट किंवा निम्मा होत असेल, तर तो आकडा वर्गाबद्दल फारसे काही सांगत नाही, त्या एका माणसाबद्दल सांगतो.

पगारात असे का होते? खाली पगाराला तळ असतो: फ्रेशरला ठरावीक रकमेपेक्षा कमी देऊन माणूस मिळत नाही. वर मात्र छत नसते. त्यामुळे बहुतेक माणसे खालच्या टोकाला दाटीने उभी असतात आणि दोनचार जण खूप दूर वर. ते दोनचार जण सरासरीला आपल्याकडे ओढतात. माणसांच्या उंचीत असे होत नाही, कारण सामान्य माणसाच्या दहापट उंच कोणी नसतो. दहापट पगारवाला असतो.

हे फक्त छोट्या कॉलेजांपुरते आहे असे समजू नका. पवईच्या आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या प्लेसमेंट अहवालात सरासरी पॅकेज २३.५ लाख होते आणि बातम्यांचे मथळे त्यावरच झाले. त्याच अहवालात नोकरी लागलेले १,४७५ जण होते आणि २० लाखांच्या वर पॅकेज असलेले ५५८. म्हणजे पाचातले जेमतेम दोघे २० लाखांच्या वर. २३.५ लाखांच्या वर त्याहूनही कमी. मध्यक किती हे सांगितले नसते, तरी तो २० लाखांच्या खाली आहे हे एवढ्यावरून कळते. कारण मधला माणूस वरच्या पाचातल्या दोघांत बसूच शकत नाही. कमीत कमी पॅकेज ४ लाख होते आणि १ कोटीच्या वरच्या २२ ऑफर होत्या. जाहिरातीत मध्यक नसला, तर असे टप्पे शोधायचे: अमुक रकमेच्या वर किती जण, खाली किती जण.

मग मध्यक मिळतो कुठे? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार कळवावा लागतो, सरासरी नाही. कळवलेली माहिती कॉलेजने आपल्या वेबसाइटवरही ठेवायची असते. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘NIRF’ असा दुवा शोधा आणि पीडीएफ उघडा. त्यात चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात ‘No. of students placed’ आणि ‘Median salary of placed graduates’ असे रकाने दिसतील. जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत मोठे अंतर असेल, तर कुणीतरी दूरचा ४२ लाखवाला त्यात बसलेला आहे असे समजा. एक मर्यादा लक्षात ठेवा: हा मध्यक सगळ्या शाखांचा एकत्र असतो. कॉम्प्युटरच्या मुलांमुळे तो वर गेला असेल, तर सिव्हिलला प्रवेश घेणाऱ्याला त्याचा उपयोग कमी. शिवाय ही माहिती कॉलेजनेच भरलेली असते.

त्या तक्त्यात पगाराच्या शेजारचा रकाना आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. मध्यक हा फक्त ‘नोकरी लागलेल्यांचा’ असतो. आपल्या उदाहरणातल्या वर्गात २० जण होते असे धरू. ११ जणांना नोकरी लागली, तिघे पुढच्या शिक्षणाला गेले, सहा जण नोकरी शोधत राहिले. पुढे शिकणाऱ्यांना बाजूला ठेवले तर १७ उरतात. त्या सहा जणांचा पगार शून्य धरून सगळ्यांना रांगेत उभे केले, तर मधला म्हणजे नववा माणूस येतो २.८ लाखांवर. नोकरी न लागलेले आणखी वाढले तर मध्यक शून्यावरही येऊ शकतो. म्हणून ‘मध्यक ३.२ लाख’ एवढे ऐकून थांबू नका. किती जणांपैकी किती जणांचा, हे विचारा. तक्त्यात पदवी पूर्ण केलेल्यांची संख्याही दिलेली असते, तिच्याशी भागून पाहा.

आता कर्जाचा हिशेब. शिक्षण संपेपर्यंत कर्ज ४ लाख झाले आहे, व्याज १० टक्के आणि फेड ७ वर्षांत, असे समजा. महिन्याचा हप्ता साधारण ६,६४० रुपये पडतो. घरच्यांनी ७ लाखांची सरासरी मनात धरली असेल, तर महिन्याला ५८ हजार येणार आणि हप्ता त्याचा नववा हिस्सा, म्हणजे चिंता नाही. पण मधल्या मुलाचे ३.२ लाख म्हणजे महिन्याला २६,६०० च्या आसपास आणि हप्ता त्याचा चौथा हिस्सा. त्यातही पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे बरेच काही धरलेले असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम आणखी कमी. नाशिकला किंवा पुण्याला खोलीभाडे आणि मेस देऊन यातून घरी किती पाठवता येईल, हे प्रवेश घेण्याआधी कागदावर मांडले पाहिजे. कॉलेज वाईट आहे असे यावरून ठरत नाही. किती कर्ज झेपेल ते ठरते.

मध्यकालाही डोळे झाकून मानू नये. आपल्या यादीत तळाच्या पाच जणांना प्रत्येकी दीडच लाख मिळाले असते, तरी मध्यक ३.२ लाखच राहिला असता. खाली काय चालले आहे ते तो दाखवत नाही. त्यासाठी कमीत कमी पगार आणि खालच्या चौथाईचा आकडा विचारावा. सरासरीही निरुपयोगी नाही. कंपनीला ११ जणांच्या पगारासाठी वर्षाला एकूण किती तरतूद करायची, याचे उत्तर सरासरीतूनच मिळते: ७ गुणिले ११, म्हणजे ७७ लाख. मध्यकाला ११ ने गुणून ते मिळणार नाही. प्रश्न एकूण रकमेचा असेल तर सरासरी, आणि ‘माझ्यासारख्याला किती’ असा असेल तर मध्यक.

वस्तीचे सर्वेक्षण करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे जास्त सांभाळले पाहिजे. नऊ घरांचे महिन्याचे उत्पन्न हजारांत ८, ९, ९, १०, ११, १२, १३, १५ आणि ९३ असे निघाले. शेवटच्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरीला आहेत. सरासरी येते २० हजार. निवेदनात ‘वस्तीचे सरासरी उत्पन्न २० हजार’ असे लिहून दिले, तर समोरचा अधिकारी म्हणेल की मग अडचण काय आहे? मध्यक ११ हजार आहे, आणि नऊपैकी आठ घरे १५ हजारांत किंवा त्याखाली आहेत. बातमी लिहितानाही हीच दोन वाक्ये द्यावीत.

एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये उत्पन्न B रकान्यात भरा आणि दोन्ही सूत्रे टाका:

```
=AVERAGE(B2:B10)
=MEDIAN(B2:B10)
```

ज्या घराने उत्तर दिले नाही तिथे रकाना रिकामा सोडा, 0 लिहू नका. रिकामा रकाना सूत्र मोजत नाही, 0 मात्र मोजते. आणि दोन वस्त्यांचे मध्यक काढून त्यांची सरासरी करू नका, ते चुकीचे उत्तर देते. एकत्र आकडा हवा असेल तर दोन्ही वस्त्यांची मूळ यादी एकाखाली एक लावून मध्यक नव्याने काढावा लागतो. म्हणून घरोघरच्या उत्पन्नाची मूळ यादी, नावे वगळून, जपून ठेवा.