झाकावं काय, सांगावं काय

ओळखीच्या एका ताई घरगुती बेकरी चालवतात. गुढीपाडव्याला त्या नाचणीची गुळातली बिस्किटं बाजारात आणणार होत्या. त्याआधी नऊ दिवसांत टाकायच्या पाच पोस्ट त्यांनी लिहिल्या आणि नजरेखालून घालायला मला पाठवल्या. पहिली पोस्ट: ‘काहीतरी मोठं घडणार आहे!’ दुसरी: ‘मधुमेहींसाठी आनंदाची बातमी.’ तिसरी: ‘साखरेला कायमचा निरोप.’ चौथी: ‘फक्त 40 पाकिटं शिल्लक!’ पाचवीत बिस्किटांचा फोटो आणि किंमत.

मी त्या उलट्या क्रमाने वाचल्या. आधी पाचवी, मग चौथी, मग तिसरी. बिस्किट समोर आल्यानंतरही आधीची ओळ खरी ठरते का, हे त्यातून कळतं. इथे एकही ठरत नव्हती. गूळ म्हणजेही बहुतांशी साखरच, त्यामुळे निरोप खोटा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मधुमेह्यांना दिलेली ‘आनंदाची बातमी’ तर धोक्याची होती. कुणी भरवशाने खाल्ली असती तर? आणि विक्री सुरूच झालेली नसताना पाकिटं ‘शिल्लक’ कुठून राहणार? अशा खोट्या घाईचं नाव केंद्र सरकारने 2023 मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या क्लृप्त्यांच्या यादीतच घातलं आहे.

पहिली ओळ खोटी नव्हती, पण तिचा त्रास वेगळा. ‘मोठं’ म्हणजे काय ते वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. अमेरिकेत 2001 साली ‘जिंजर’ या टोपणनावाच्या यंत्राबद्दल असंच झालं. महिनोन्‌महिने तर्क लढवले गेले आणि डिसेंबरात पडदा उघडला, तेव्हा निघाली उभ्याने चालवायची दुचाकी, सेगवे. यंत्र हुशारीचं होतं, पण लोकांच्या मनातल्या यंत्रापुढे ते फिकं पडलं.

मग उत्सुकता वाढवायची कशी? जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने 1994 मध्ये मांडलं की माहितीत एक फट दिसली की माणूस ती भरायला धडपडतो. पण फट दिसायला आजूबाजूला भिंत लागते. काहीच माहीत नसेल तर कुतूहलही नाही. म्हणून वस्तू कोणती ते आधीच सांगून टाकायचं आणि ती कशी जमली, हे झाकायचं.

ताईंना विचारलं, ‘करताना सगळ्यात जास्त कशाने छळलं?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, तुटायची! नाचणीला चिकटपणाच नाही. मैदा घालायचा नव्हता. ट्रे बाहेर काढला की भुगा.’ शेवटी जवस भिजवून त्याचा जो बुळबुळीत चीक निघतो, त्याने पीठ धरलं. गोष्ट इथेच होती, आणि ती ताईंनी पाचांपैकी एकाही पोस्टमध्ये लिहिली नव्हती.

मग नव्याने लिहिलं. पहिल्या दिवशी भुग्याने भरलेल्या ट्रेचा फोटो: ‘नाचणीची बिस्किटं, मैद्याशिवाय. हा आमचा पहिला ट्रे.’ तिसऱ्या दिवशी: ‘गव्हात असतो तो चिकटपणा नाचणीत नसतो. मग पीठ धरून ठेवेल कोण? अंडं नाही, मैदा नाही.’ सहाव्या दिवशी अख्ख्या बिस्किटाचा फोटो: ‘धरणारा सापडला. तुम्ही त्याची चटणी करता.’ आठव्या दिवशी कोडं नाही, फक्त व्यवहार: ‘गूळ आहे, म्हणजे साखर आहेच, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून खा. 250 ग्रॅम 180 रुपये. आमच्या ओव्हनमध्ये दिवसाला 40 पाकिटंच होतात; संपली तर दुसऱ्या दिवशीची नोंदवू.’ नवव्या दिवशी जवस, आणि तो भिजवतानाचा फोटो.

संख्या 40 च राहिली, पण आता तिच्यामागे ओव्हन उभा आहे. टंचाई खरी असेल तर तिचं कारण एका वाक्यात सांगता येतं. सांगता येत नसेल तर ती ओळ काढावी. दुसरं असं की पाचही पोस्ट क्रमाने वाचणारे थोडेच. कुणाला फक्त तिसरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येते. म्हणून गैरसमज होऊ शकेल अशी ओळ ‘पुढच्या पोस्टमध्ये खुलासा करू’ म्हणून सोडता येत नाही.

टाकण्याआधी एक चाचणी घेतली. शेजारच्या तिघांना पहिल्या तीन पोस्ट दाखवून विचारलं, काय असेल? दोघांनी तीळ म्हटलं, एकीने जवस. तर्क चुकले तरी ते वस्तूच्या आकाराचेच होते. ‘वजन कमी करणारी बिस्किटं’ असं एकानेही म्हटलं असतं, तर आम्ही पुन्हा लिहायला बसलो असतो.

पाडव्याच्या सकाळी ताईंना पहिला मेसेज आला तो ऑर्डरचा नव्हता. ‘आम्ही जवसाची चटणीच करत आलो, हे कधी सुचलंच नाही,’ असं एका आजींनी लिहिलं होतं. ऑर्डर त्याखाली होती: दोन पाकिटं.