चौदाव्या वर्षीची धमनी

परवा एका शाळेच्या परिपाठात बोलायचं निमंत्रण होतं. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष झाला आणि आठवी ते दहावीची तीनशे मुलं माझ्याकडे बघत बसली. मुख्याध्यापकांनी विषय दिला होता ‘जंक फूडचे दुष्परिणाम’. मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आता हे डॉक्टर वडापाव बंद करा म्हणणार.

मी विचारलं, हार्ट अटॅक कितव्या वर्षी येतो? उत्तरं आली : पन्नास, साठ, ‘आजोबांना आला होता सर’. मग त्यांना अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावाची गोष्ट सांगितली. तिथे १९७० च्या दशकात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी शाळकरी मुलांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षं ती मोजणी चालू ठेवली. त्यांतली काही मुलं तरुणपणीच, बहुतेक अपघातांत, दगावली. त्यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या उघडून पाहिल्या, तेव्हा आतल्या अस्तरावर पिवळसर चरबीचे पट्टे दिसले. ज्यांच्यात वाढलेलं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान असा एकही धोका नव्हता, त्यांच्या अस्तराचा सुमारे १.३ टक्के भाग पट्ट्यांनी व्यापला होता. तीन किंवा चार धोके एकत्र असलेल्यांमध्ये तो ११ टक्के होता. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सभागृहात कुजबुज थांबली होती.

हा पट्टा तयार कसा होतो? धमनीचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, दाब वाढला, सिगारेटचा धूर रक्तात आला की हे अस्तर गळकं होतं. कोलेस्टेरॉलचे कण आत शिरतात, तिथेच अडकून खराब होतात. ते उचलायला पांढऱ्या पेशी धावतात, पोटभर चरबी खातात आणि फुगून तिथेच बसतात. अशा पेशींची रांग म्हणजे तो पट्टा. तो दुखत नाही, दम लागत नाही, ईसीजीत दिसत नाही. प्रत्येक पट्ट्याची पुढे गाठ होते असंही नाही. या टप्प्यावर तो विरूही शकतो. त्यावर तंतूंचं कडक झाकण चढलं की मात्र मागे फिरणं अवघड होतं.

मग एका मुलाला उभं करून त्याच्या मधल्या सुट्टीचा हिशेब केला. वडापाव, चिप्सचं पाकीट आणि ३०० मिलीची थंड पेयाची बाटली. बाटलीत साधारण ३२ ग्रॅम साखर, म्हणजे आठ चमचे. यकृताकडे गरजेपेक्षा जास्त साखर रोज आली की ते तिची चरबी करून रक्तात सोडतं. वड्याबद्दल मी एवढंच म्हटलं की बटाट्याशी माझं भांडण नाही. पुन्हापुन्हा तापवून काळ्या पडलेल्या तेलाशी आहे. ते तेल कढईकडे नुसतं बघूनही ओळखता येतं.

आठवीतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “सर, मी तर बारीक आहे, मला काय होणार?” हा प्रश्न आपल्याकडे फार मोलाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बाळं मोजली. ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण कमतरता होती ती स्नायूंची, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे काटा कमी दाखवतो म्हणून धमनी स्वच्छ, असं गृहीत धरता येत नाही.

बसून राहण्याचा परिणाम तर तासांत दिसतो. आपण पळतो तेव्हा वेगाने वाहणारं रक्त अस्तराला घासत जातं आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्याने धमनी सैल होते, चिकटपणा कमी राहतो. सात ते दहा वर्षांच्या मुलींना सलग तीन तास बसवून ठेवलं, तर मांडीच्या धमनीची ही सैल होण्याची क्षमता घटलेली आढळली. दर तासाला थोडी सायकल चालवायला लावल्यावर ती टिकली. जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. मी ‘पीटीचा तास गणिताला कोण कोण देतं?’ असं विचारलं, तेव्हा मुलांनी हशा केला आणि शिक्षकांच्या रांगेत दोघांनी जमिनीकडे पाहिलं.

शेवटी सुतळीचं रीळ काढलं. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, तिची दुहेरी घडी घालायची आणि ती बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक, जुळली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे, रक्तदाब आणि रक्त तपासून घ्यावं. परिपाठ संपला तरी रीळ माझ्या हातात परत आलं नाही. शिक्षक-खोलीत चहाला गेलो, तर तिथे दोन सर सुतळी घेऊन आरशासमोर उभे होते.