व्हिडिओच्या शेवटी क्यूआर कोड: काय मोजलं जातं आणि काय निसटतं

दिवाळी अंकाच्या आगाऊ नोंदणीसाठी आता अनेक प्रकाशक छोटे व्हिडिओ करतात. समजा, एका अंकाने दोन केले. पहिला चाळीस सेकंदांचा, मुखपृष्ठ दाखवणारा. दुसरा नऊ मिनिटांची लेखकाची मुलाखत. दोन्हींच्या शेवटी क्यूआर कोड आणि त्याखाली एक छोटी लिंक. महिन्याभराने हिशेबाला बसल्यावर प्रश्न येतो, की नोंदण्या कोणत्या व्हिडिओने आणल्या? या प्रश्नाचं बऱ्यापैकी खरं उत्तर मिळू शकतं. पण आधी काही समजुती दूर कराव्या लागतात.

गैरसमज: कोड स्कॅन झाला की तो कोणत्या व्हिडिओतून झाला हे आपोआप कळतं.

क्यूआर कोड म्हणजे चौकोनांत लिहिलेला मजकूर, त्यापलीकडे काही नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांनी तो वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला, तेव्हाही त्याचं काम एवढंच होतं. आपण कुठे छापलो गेलो, कोणत्या पडद्यावर आहोत, हे त्याला माहीत नसतं. फोनच्या कॅमेऱ्यातून लिंक उघडली की वाचक कुठून आला याची खूण वेबसाइटला मिळत नाही. ती भेट ‘थेट आलेला’ या सदरात पडते. दोन्ही व्हिडिओंत एकच कोड वापरला असेल, तर नंतर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करून देऊ शकत नाही.

म्हणून खूण लिंकमध्येच घालावी लागते आणि प्रत्येक व्हिडिओची लिंक वेगळी ठेवावी लागते. नोंदणी गूगल फॉर्मवर घेत असाल तर हे फुकटात होतं. फॉर्ममध्ये ‘संदर्भ’ नावाचा एक छोटा रकाना ठेवायचा आणि मेनूतून ‘प्री-फिल्ड लिंक’ काढताना त्यात `v1` किंवा `v2` भरायचं. लिंक अशी दिसते:

```
https://docs.google.com/forms/d/e/…/viewform?usp=pp_url&entry.123456789=v2
```

वाचक फॉर्म उघडतो तेव्हा तो रकाना आधीच भरलेला असतो, आणि नोंदणीच्या तक्त्यात प्रत्येक नावासमोर व्हिडिओचा क्रमांक येतो. रकाना वाचकाला दिसतो आणि त्याला तो खोडताही येतो. म्हणून त्याखाली ‘हा क्रमांक तसाच राहू द्या’ असं लिहावं.

ही लिंक मात्र सुमारे १३० अक्षरांची होते, आणि अक्षरं वाढली की चौकोन वाढतात. दुरुस्तीची मध्यम पातळी ठेवली, म्हणजे सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जाईल अशी, तर १३० अक्षरांना ४९ × ४९ घरांची जाळी लागते. त्याऐवजी आपल्या डोमेनवर `https://example.com/v2` अशी बावीस अक्षरांची लिंक करून ती फॉर्मकडे वळवली, तर २५ × २५ घरांत काम भागतं. तेवढ्याच जागेत प्रत्येक घर जवळजवळ दुप्पट रुंद होतं, आणि टीव्हीवरून स्कॅन करताना नेमका हाच फरक उपयोगी पडतो.

मोजणीसाठी ‘डायनॅमिक’ कोडची वर्गणी भरावीच लागते, असंही पुष्कळांना वाटतं. डायनॅमिक कोड म्हणजे दुसऱ्याच्या डोमेनवरची छोटी लिंक. वर्गणी थांबली की अशी लिंक बंद पडू शकते, आणि व्हिडिओच्या चित्रात मिसळलेला कोड नंतर बदलता येत नाही. स्वतःच्या डोमेनवरची लिंक साध्या कोडमध्ये घातली तर कोड तोच ठेवून ती लिंक पुढे कुठे न्यायची हे कधीही बदलता येतं.

गैरसमज: शेवटी पाच सेकंद कोड दाखवला की पुरे.

मला यात सगळ्यात मोठी चूक दिसते, कारण ती बघणाऱ्याचा विचारच करत नाही. जो माणूस व्हिडिओ फोनवर पाहतो आहे, तो त्याच फोनने आपलाच पडदा कसा स्कॅन करणार? स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये उघडता येतो, पण एवढी खटपट करणारे थोडेच. फोनवरच्या प्रेक्षकासाठी वर्णनातली किंवा पहिल्या कॉमेंटमधली लिंक हाच खरा रस्ता. तिथेही जागा पाहून वागावं लागतं. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक ऑगस्ट २०२३ अखेरीपासून दाबून उघडत नाहीत, आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरातही तेच. अशा ठिकाणी छोटी लिंक हाताने टाइप करावी लागते. म्हणून ती तोंडाने सांगता येईल अशी असावी, आणि तिच्यात शून्य आणि इंग्रजी ओ यांसारखी सारखी दिसणारी अक्षरं नसावीत.

कोड खरा कामाला येतो तो टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर पाहणाऱ्याच्या. पण टीव्हीसमोरच्या माणसाला फोन शोधायचा असतो, उघडायचा असतो, कॅमेरा लावायचा असतो. पाच सेकंदांत तो फार तर फोनपर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यादरम्यान कॉइनबेस या क्रिप्टोचलन कंपनीने काळ्या पडद्यावर इकडून तिकडे सरकणारा नुसता क्यूआर कोड दाखवला. जाहिरात साठ सेकंदांची होती आणि जवळजवळ पूर्ण वेळ कोडच पडद्यावर होता. इतके लोक आले की त्यांचं ॲप काही काळ बंद पडलं. एवढ्या मोठ्या जाहिरातदारालाही कोडला मिनिटभर द्यावासा वाटला, हे ध्यानात घ्यावं. आपल्याला मिनिट परवडणार नाही. पंधरा ते वीस सेकंद ठेवावेत, आणि त्या वेळात बोलणं चालू ठेवावं, म्हणजे बघणारा उठून जात नाही.

आकाराचा एक ढोबळ नियम असा, की कोडची रुंदी अंतराच्या एक दशांश असावी. आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २४० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसासाठी २४ सेंटिमीटरचा कोड लागतो. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर असते, म्हणजे कोडने पडद्याच्या उंचीचा जवळजवळ निम्मा भाग व्यापला पाहिजे. हल्लीचे कॅमेरे याहून लहान कोडही वाचतात, पण कोपऱ्यात चिकटवलेला बारीक चौकोन वाचला जाईल या भरवशावर राहू नये. कोडभोवती चार घरांएवढी रिकामी पांढरी पट्टी हवी. यूट्यूबवर शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत ‘पुढचा व्हिडिओ’ आणि ‘सबस्क्राइब’ची चौकटही येते. ती नेमकी कोडवर बसली तर महिन्याभराची मोजणी शून्य दाखवील आणि दोष व्हिडिओला लागेल. प्रसिद्ध केल्यावर घरातल्या टीव्हीवर एकदा स्वतः स्कॅन करून पाहिलं की हे लगेच कळतं.

गैरसमज: पैसे घेण्याचा यूपीआय कोडच टाकावा, म्हणजे नोंदणी आणि पैसे एकदमच.

पैसे येतात, पण कोणत्या व्हिडिओमुळे आले हे त्यावरून कळत नाही. अंक पाठवायला पत्ताही मिळत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. क्यूआर म्हटलं की आपल्याकडे हात पैसे भरण्याच्या ॲपकडे जातो, आणि तिथे वेबसाइटची लिंक स्कॅन केली की ‘हा कोड चालत नाही’ असा निरोप येऊ शकतो. म्हणून कोडखाली ‘फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’ एवढे शब्द हवेतच.

बरेच प्रकाशक फॉर्मऐवजी व्हॉट्सॲपवर नोंदणी घेतात. तिथेही `https://wa.me/91XXXXXXXXXX?text=V2` अशी लिंक केली की वाचकाच्या पहिल्या निरोपातच खूण येते. फक्त तो तयार मजकूर देवनागरीत लिहून थेट कोडमध्ये घालू नये. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि अनुस्वारसुद्धा, नऊ अक्षरांचं होतं. ‘अंक हवा’ एवढे दोन शब्द ५७ अक्षरं खातात आणि कोड दाट होतो. मराठी मजकूर हवाच असेल तर मध्ये छोटी लिंक घालावी.

गैरसमज: ज्या व्हिडिओच्या कोडवर जास्त नोंदण्या, तो जास्त चांगला.

आता आपले दोन व्हिडिओ घेऊ. आकडे उदाहरणापुरते. मुखपृष्ठाचा व्हिडिओ १२,००० वेळा पाहिला गेला, `v1` वर ३६ नोंदण्या. मुलाखत ४,००० वेळा पाहिली गेली, `v2` वर २४ नोंदण्या. नुसतं पाहिलं तर मुखपृष्ठ पुढे.

पण कोड शेवटी आहे, आणि शेवटपर्यंत सगळे थांबत नाहीत. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा ‘ऑडियन्स रिटेन्शन’चा आलेख असतो. त्यावर कोड दिसू लागतो त्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले आहेत ते वाचायचं. समजा, मुखपृष्ठाला ३० टक्के उरले, म्हणजे सुमारे ३,६०० जण. मुलाखतीला १५ टक्के, म्हणजे ६००. आता हिशेब पालटतो. कोड पाहणाऱ्या दर शंभरांत मुखपृष्ठाने एक नोंदणी आणली, मुलाखतीने चार.

यावरून मुलाखत चौपट प्रभावी, असं म्हणण्याची घाई करू नये. नऊ मिनिटं थांबलेला माणूस मुळातच वाचणारा असतो, आणि तो कदाचित व्हिडिओशिवायही अंक घेणारा असेल. इतक्या लहान संख्यांत पाच-सात नोंदण्या इकडच्या तिकडे होणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. पण पुढचं पाऊल या हिशेबातून नक्की सापडतं. मुलाखतीचे ८५ टक्के प्रेक्षक कोडपर्यंत पोहोचतच नाहीत, तर तिसऱ्या मिनिटाला, लेखक एखादा चांगला प्रसंग सांगून थांबतो तिथे, `v2m` या वेगळ्या खुणेचा कोड दाखवून पाहावा. खूण वेगळी ठेवली तरच मधला कोड चालला की शेवटचा, हे सांगता येईल.

लिंकवरच्या भेटींच्या आकड्याकडे मात्र सावधपणे पाहावं. त्यात आपण स्वतः केलेले चाचणीचे स्कॅन असतात, एकाच वाचकाच्या तीन भेटी असतात, आणि कुणी लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की तिचं छोटं चित्र बनवण्यासाठी झालेली भेटही असू शकते. तुलना भरलेल्या फॉर्मांची करावी.

गैरसमज: ज्या नोंदणीवर खूण नाही ती व्हिडिओमुळे आलेली नाही.

समजा, एकूण नोंदण्या ११० झाल्या. खूण असलेल्या ६०. उरलेल्या ५० फोनवर, प्रकाशकाच्या ओळखीतून किंवा गूगलवर अंकाचं नाव शोधून आल्या. त्यांतला कुणी टीव्हीवर मुलाखत पाहून दुसऱ्या दिवशी फोन केलेला असू शकतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलीने व्हिडिओ पाहून पुण्यातल्या वडिलांना अंक घ्यायला सांगितलं असेल, तर त्याची खूण कुठल्याच तक्त्यात उमटणार नाही. उलटही घडतं. एखाद्याने `v1` चा स्क्रीनशॉट वाचकगटात टाकला, तर पुढच्या आठवडाभराच्या नोंदण्या मुखपृष्ठाच्या नावावर जमा होतात, जरी त्या लोकांनी तो व्हिडिओ पाहिलेलाच नसला. आणि ज्याने दोन्ही व्हिडिओ पाहिले, त्याचं सगळं श्रेय शेवटी स्कॅन केलेल्याला जातं.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. फोन घेणाऱ्याने प्रत्येकाला ‘अंकाबद्दल कुठून कळलं?’ असं विचारावं आणि उत्तर त्याच शब्दांत वहीत लिहावं. फॉर्ममध्येही हा प्रश्न ठेवावा, पर्यायांची यादी न देता. पन्नासांपैकी अठरा जणांनी मुलाखतीचा उल्लेख केला, तर तो आकडा `v2` च्या चोवीसमध्ये मिळवू नये. तो शेजारी, वेगळ्या रकान्यात ठेवावा, कारण एक आकडा यंत्राने टिपलेला आहे आणि दुसरा माणसाच्या आठवणीतून आलेला. पुढच्या वर्षी कोणता व्हिडिओ करायचा हे ठरवताना दोन्ही रकाने समोर असले पाहिजेत.