वाक्यामागची नेलपॉलिश

‘बॉसने विचारलं, रजा रद्द करशील का. नाही म्हटलं 💅’

मैत्रिणींच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर तिने खरोखर नखं रंगवली का, असं कुणी विचारत नाही. शेवटची इमोजी काढून तेच वाक्य वाचा. ती घाबरली होती की चिडली होती, काही कळत नाही. इमोजीसकट वाचलं की कळतं, बाई निवांत आहेत.

ही इमोजी मुळात जपानी मोबाईल फोनवरची, सौंदर्यप्रसाधनांपैकी एक. 2010 मध्ये ती युनिकोडच्या यादीत आली आणि तिथे तिचं नाव साधं ‘नेलपॉलिश’ एवढंच आहे. तोरा तिला नंतर चिकटला. त्याचं बरंचसं श्रेय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि समलिंगी, ड्रॅग कलाकारांच्या बोलण्याच्या ढंगाला जातं. आवाज न चढवता समोरच्याला जागा दाखवायची, ही त्या मंडळींची जुनी कला. 1990 च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या न्यूयॉर्कमधल्या माहितीपटात ती छान दिसते.

पण त्यासाठी नखंच का? नेलपॉलिश ओली असताना हात कशालाच लावता येत नाही. फोन उचलायचा नाही, भांडायला हात नाचवायचे नाहीत. बोटं पसरून, फुंकर घालत बसायचं. म्हणजे समोरचा तावातावाने बोलत असताना जी नखांकडेच बघत राहते, तिने उत्तर न देताच उत्तर दिलेलं असतं. भाषाअभ्यासक ग्रेचेन मॅककुलक इमोजींची तुलना बोलतानाच्या हातवाऱ्यांशी करतात. ती इथे चपखल बसते, कारण हा हातवाराच आहे, फक्त टाईप केलेला.

गॉसिपमध्ये तिचं काम जरा वेगळं. ‘साखरपुड्याला सासरचे दोन तास उशिरा आले म्हणे 💅’ यात बोलणारी कुणाला नावं ठेवत नाही, फक्त बातमी टेबलावर ठेवते आणि नखांकडे वळते. पुढचं ‘काय सांगतेस!’ दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं असतं. माझ्या मते तिचा हाच उपयोग जास्त खट्याळ आहे.

जागा मात्र महत्त्वाची. इमोजी वाक्य संपल्यावर, पूर्णविरामाच्या ठिकाणी हवी. ‘उद्या पाचला 💅?’ असं लिहिलं, तर मैत्रीण पार्लरची वेळ समजेल, आणि ते बरोबरच आहे. मावशी-काकूंच्या ग्रुपवरही बहुधा ‘कुठला रंग लावलास गं?’ असंच उत्तर येईल.

वाक्य आखूडही हवं. भूतपूर्व प्रियकराबद्दल चौदा ओळी, त्यात तीन वेळा ‘मला काहीच फरक पडत नाही’, आणि खाली ही इमोजी, असा मेसेज वाचला की मैत्रिणी लगेच फोन करतात: ‘रडते आहेस का?’