टोकाच्या घराचं काय करायचं?

एखाद्या निमशहरी गावातल्या वीस घरांना गेल्या महिन्याचा एकूण खर्च विचारला आहे, असं समजू. आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, पण अशी यादी कोणत्याही सर्वेक्षणात हाती येऊ शकते. हजार रुपयांत आणि चढत्या क्रमानं ती अशी: ९, ११, १२, १३, १४, १५, १६, १७, १८, १८, १९, २०, २१, २२, २४, २५, २७, ३०, ३४ आणि शेवटी २३५.

एकूण बेरीज होते सहा लाख रुपये. वीसनं भागलं की सरासरी येते ३०,००० रुपये. पण यादीकडे पुन्हा पाहा: वीसपैकी सतरा घरांचा खर्च तीस हजारांहून कमी आहे. शेवटच्या एका घरानं सगळ्या गावाची सरासरी वर ओढून नेली आहे. अशा टोकाच्या नोंदीला संख्याशास्त्रात आउटलायर म्हणतात, आणि सरासरी काढण्याआधी तिचं काय करायचं यावर दोन सवयी रूढ आहेत.

पहिली सवय म्हणजे ती नोंद काढून टाकणं. मग उरलेल्या एकोणीस घरांची बेरीज ३,६५,००० आणि सरासरी सुमारे १९,२०० रुपये. दुसरी सवय म्हणजे घर यादीत ठेवायचं, पण त्याचा आकडा खाली आणून त्याच्या लगतच्या घराइतका करायचा. २३५ च्या जागी ३४ लिहिले की बेरीज ३,९९,००० होते आणि वीस घरांची सरासरी १९,९५० रुपये. या दुसऱ्या रीतीला विन्सरायझिंग म्हणतात. चार्ल्स विन्सर (१८९५–१९५१) हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ अभियांत्रिकीकडून जीवशास्त्राकडे आणि तिथून संख्याशास्त्राकडे आले. त्यांचे सहकारी जॉन ट्युकी यांनी या रीतीला त्यांचं नाव दिलं. रूढ पद्धतीत खालच्या टोकालाही असंच केलं जातं, म्हणजे ९ च्या जागी ११. आपल्या यादीत त्यानं सरासरी फक्त शंभर रुपयांनी वाढते, म्हणून इथे आपण वरच्या टोकापुरतंच बोलू.

तीस हजार, एकोणीस हजार दोनशे आणि एकोणीस हजार नऊशे पन्नास. यादी एकच आणि उत्तरं तीन. यातलं कोणतं खरं, हे आकडेमोडीतून ठरत नाही. त्यासाठी त्या विसाव्या घराची प्रश्नावली हातात घ्यावी लागते.

प्रश्नावलीत तीन गोष्टी सापडू शकतात. पहिली शक्यता म्हणजे नोंद करताना एक शून्य जास्त पडलं. खर्च २३,५०० होता आणि लिहिला गेला २,३५,०००. बाबवार खर्चाची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नसेल तर ही चूक लगेच पकडता येते. आकडा दुरुस्त केला की सरासरी येते १९,४२५. इथे काढून टाकणंही चूक आणि विन्सरायझिंगही चूक, कारण खरा आकडा आपल्याला मिळालेला आहे.

दुसरी शक्यता म्हणजे वर्षाचा खर्च महिन्याच्या रकान्यात आला. मुलाची वर्षभराची फी किंवा फ्रिजची पूर्ण किंमत ‘गेल्या महिन्यात दिली’ म्हणून नोंदली जाते. पैसे त्या महिन्यात गेले हे खरं असतं, पण उपयोग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ होणार असतो. इथेही उपाय नोंद पुसण्याचा नसून, तो खर्च योग्य काळावर पसरण्याचा आहे.

तिसरी शक्यता सर्वांत अवघड: आकडा खराच आहे. त्या महिन्यात त्या घरी मुलीचं लग्न झालं आणि २,३५,००० रुपये खर्च झाले. प्रगणकानं नीट विचारलं आणि घरच्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आता काय करायचं? काढून टाकणं आणि विन्सरायझिंग यांतला खरा फरक इथे उघड होतो.

लग्न हा घरातला नेहमीचा खर्च नाही, पण तो कुठल्या ना कुठल्या घरी होतच असतो. समजा, एका घरात सरासरी वीस वर्षांनी एक लग्न निघतं. वीस वर्षं म्हणजे २४० महिने. याचा अर्थ कोणत्याही एका महिन्यात गावातल्या साधारण २४० घरांपैकी एका घरी लग्न असेल. आपल्या नमुन्यात मात्र ते वीसमध्ये एक आलं. योगायोगानं त्या घराला त्याच्या वाट्यापेक्षा बारापट वजन मिळालं, आणि तीस हजारांची सरासरी फुगण्याचं कारण हेच.

मग सगळ्या गावाची सरासरी किती असेल? एरवीचा खर्च १९,२०० धरू आणि २४० घरांत एक घर २,३५,००० चं धरू. हिशेब येतो सुमारे २०,१०० रुपये. म्हणजे लग्नाचं घर पूर्ण काढून टाकलं की गावाचा खर्च दर घरामागे सुमारे नऊशे रुपयांनी कमी दिसतो. गावात कधीच कुणाचं लग्न होत नाही, असं आपण मानल्यासारखं होतं. विन्सरायझिंगचं उत्तर १९,९५०, म्हणजे प्रत्यक्षाच्या बरंच जवळ.

ते इतकं जवळ येण्यात आपल्या यादीचा थोडा हात आहे, हे विसरू नये. शेजारचं घर ३४ ऐवजी ५० हजारांचं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. पण त्यामागचं तत्त्व योगायोगाचं नाही. काढून टाकताना आपण म्हणतो, ‘हे घर आमच्या गावातलं नाही.’ विन्सरायझिंग करताना आपण म्हणतो, ‘हे घर आमचंच आहे आणि सर्वांत जास्त खर्च करणाऱ्यांतलं आहे. फक्त नेमक्या रकमेचा भार आम्ही वीस घरांच्या लहान नमुन्यावर टाकत नाही.’ नोंद खरी असेल, तर दुसरं विधान पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

मग मूळ सरासरी, म्हणजे ते तीस हजार, सरळ चूक मानायचं का? तसंही नाही. याच गावातून वीस-वीस घरांचे शंभर वेगवेगळे नमुने घेतले, तर त्यांतल्या सुमारे ब्याण्णव नमुन्यांत एकही लग्नाचं घर येणार नाही आणि सरासरी एकोणीस हजारांच्या आसपास येईल. उरलेल्या आठेक नमुन्यांत ती एकदम तीस हजारांकडे उडी मारेल. शंभरांची मिळून सरासरी काढली तर ती बरोबर २०,१०० च्या आसपास बसेल. म्हणजे मूळ सरासरी कुणा एका बाजूला झुकलेली नसते, पण प्रत्येक वेळी ती वेगळंच काही सांगते. विन्सरायझिंगनं ही उडी थांबते. त्याची किंमत म्हणून उत्तर थोडं खाली झुकतं. नमुना लहान असेल तर ही किंमत परवडते. हजारो घरांच्या सर्वेक्षणात लग्नाची घरं त्यांच्या खऱ्या प्रमाणात येतात आणि उडी आपोआपच लहान होते. तिथे मोठे पण खरे आकडे खाली ओढले, तर उगाच खर्च कमी दाखवल्याचं पाप पदरी पडतं. शिवाय सरासरीला घरांच्या संख्येनं गुणून गावाचा एकूण खर्च काढायचा असेल, तर हा झुकाव प्रत्येक घरामागे साचत जातो.

विन्सरायझिंग फसतं तेव्हा ते कसं ओळखायचं, हेही पाहू. समजा, एकोणिसाव्या घरात ३४ हजारांऐवजी रुग्णालयाच्या बिलामुळे २,१०,००० खर्च झाला. आता वरच्या पाच टक्क्यांना, म्हणजे वीसपैकी एका घराला विन्सरायझ केलं, तर २३५ च्या जागी २१० येतं. सरासरी ३८,८०० वरून ३७,५५० वर उतरते, म्हणजे जवळपास काहीच बदलत नाही. दोन टोकाची घरं असताना एकाचीच मर्यादा ठरवल्याचा हा परिणाम. म्हणून एक टक्का, पाच टक्के आणि दहा टक्के अशा तीन मर्यादांवर सरासरी काढून बघावी. तिन्ही उत्तरं जवळजवळ असतील तर निश्चिंत राहता येतं. ती एकमेकांपासून लांब गेली, तर आकडा गावाऐवजी आपण निवडलेल्या मर्यादेबद्दल बोलतो आहे. मर्यादा मात्र उत्तर पाहण्याआधी ठरवलेली असावी. उत्तर आवडलं नाही म्हणून टक्का बदलणं हा आकड्याशी केलेला दगा आहे.

दुसरा सापळा मिश्र यादीचा. शहरातली आणि खेड्यातली घरं एकत्र करून वरची पाच टक्के कापली, तर कापली जाणारी घरं बहुतेक शहरातलीच असतात. त्यांतल्या कितीतरी घरांत ना लग्न असतं ना आजारपण. तिथे घरभाडंच जास्त असतं. म्हणून मर्यादा शहर आणि खेडं यांच्यासाठी वेगवेगळी ठरवावी लागते.

आणि या सगळ्याआधी एक गोष्ट करता येते: टोकाचे आकडे निर्माणच होऊ नयेत असा प्रश्न विचारणं. भारत सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात माहिती गोळा झाली. त्यात भाजी, फळं, तेल, अंडी, मासे यांचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारला गेला. कपडे, शिक्षण, रुग्णालयात भरती होण्याचा खर्च आणि टिकाऊ वस्तू यांचा गेल्या ३६५ दिवसांचा. उरलेल्या बऱ्याचशा बाबींचा तीस दिवसांचा. मग सगळं महिन्याच्या मापात आणलं गेलं. दरडोई मासिक सरासरी आली ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये. फ्रिज किंवा रुग्णालयाचं बिल वर्षावर पसरल्यानं एका महिन्यात उसळणारा आकडा बाराव्या हिश्शावर येतो, आणि त्यासाठी कुणाचंही घर यादीतून काढावं लागत नाही. याचीही मर्यादा आहे. वर्षभरापूर्वीचा खर्च माणसं विसरतात, म्हणून रोजच्या भाजीला हा काळ चालत नाही. पण मोठा खर्च सहसा कुणी विसरत नाही.

इतकं केल्यावरही काही टोकाच्या नोंदी उरतातच. तेव्हा क्रम असा ठेवावा: चूक असेल आणि खरा आकडा कळला तर दुरुस्त करा. चूक नक्की आहे, पण खरा आकडा मिळण्याची सोय नाही, तेवढ्याच वेळी नोंद वगळा आणि किती वगळल्या ते सांगा. नोंद खरी असून नमुना लहान असेल तर विन्सरायझिंग करा, आणि मूळ सरासरीही शेजारी छापा. सोबत मध्यकही द्या. आपल्या मूळ यादीत तो १८,५०० आहे आणि शेवटचं घर २,३५,००० चं असो की ३५,००० चं, तो तसूभरही हलत नाही. नेहमीच्या घराचा खर्च विचारला असेल तर उत्तर मध्यकातच आहे. सगळ्या गावाचा खर्च विचारला असेल तर सरासरीशिवाय पर्याय नाही, आणि त्या सरासरीत लग्नाच्या घरालाही त्याचा वाटा मिळायलाच हवा.