सुरवंट लागला? आधी चोळणं थांबवा!

अल मलाझ, रियाध

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या मलाझमधल्या मराठी मंडळींच्या फोनवर एकच विषय होता, घोणस अळी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आणि पाठोपाठ इतर जिल्ह्यांत उसात, गवतात काम करताना शेतकऱ्यांना एक काटेरी हिरवी अळी लागली. असह्य वेदना झाल्या, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. घोणस हे मुळात विषारी सापाचं नाव. त्यामुळे ‘अळी चावली की माणूस दगावतो’ असे निरोप फिरायला वेळ लागला नाही. शेवटी ही अळी जीवघेणी नाही, असं कृषी विभागाला आणि कीटकतज्ज्ञांना सांगावं लागलं. त्यांनी सुचवलेला पहिला उपाय वाचून कित्येकांना हसू आलं होतं. तो उपाय म्हणजे साधी चिकटपट्टी!

मी इथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. त्या चिकटपट्टीचं महत्त्व नीट सांगावं, म्हणून हा लेख. आपली मुलं वाढतात रियाधच्या फ्लॅटमध्ये. झाडं बघायची तर किंग अब्दुल्ला पार्क, प्राणी बघायचे तर मलाझचं प्राणिसंग्रहालय. शाळेला सुट्टी लागते जुलै-ऑगस्टमध्ये आणि आपण गावी जातो ते ऐन पावसात. नेमके तेव्हाच शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके बसलेले असतात. गावातलं पोर कुसरूड दिसलं की चार हात लांब राहतं. आपलं पोर ‘किती सॉफ्ट आहे’ म्हणत हात लावतं.

गेल्या वर्षी असंच झालं. आमच्या शेजाऱ्यांची नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर सांगली जिल्ह्यात आजोळी गेली होती. लपाछपी खेळताना तिने शेवग्याच्या खोडाला मिठी मारली. दोन-तीन मिनिटांत हाताची आग आणि खाज सुरू झाली. तिच्या वडिलांनी व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच आमचं दार वाजवलं. इथे दुपारचे चार, तिकडे साडेसहा. कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक, उंचावलेल्या रेघा दिसत होत्या, जणू कुणी ओल्या चाबकाने मारलंय. आजी ओला टॉवेल घेऊन हात चोळायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, ‘आजी, थांबा! टॉवेल बाजूला ठेवा.’

का थांबवलं? सुरवंटाचे केस म्हणजे बारीक, ठिसूळ कुसळं. ती कातडीत टोचतात आणि तुटून तिथेच राहतात. काही जातींच्या केसांत दाह करणारा द्रवही असतो. पुसलं, चोळलं, खाजवलं की कुसळं आणखी आत जातात आणि बोट जिथून फिरतं तिथे पसरतात. पुरळाच्या रेघा उमटतात त्या याचमुळे. अळी जशी चालली किंवा हात जसा फिरला, तशी रेघ. म्हणून पहिलं काम औषध लावायचं नाही, कुसळं उचलून काढायचं आहे.

पुढचं सगळं फोनवरून करून घेतलं. मुलीच्या फ्रॉकलाही कुसळं असणार. तो डोक्यावरून काढला असता तर ती तोंडाला, डोळ्यांना लागली असती. बटणं सोडून फ्रॉक खाली सरकवायला सांगितला. मग वह्यांना कव्हर घालायची चिकटपट्टी आणली. बोटभर तुकडा रेघेवर हलकेच दाबायचा, सरळ वर उचलायचा आणि टाकून द्यायचा. प्रत्येक वेळी तुकडा नवा, नाहीतर काढलेलेच केस परत लागतात. असे पंधरा-वीस तुकडे लागले. उजेडात तिरपं धरलं की पट्टीवर बारीक केस दिसत होते. अळी अंगावरच असेल तर ती हाताने झटकायची नाही, काडीने किंवा चिमट्याने उचलायची.

त्यानंतर साबण आणि वाहतं पाणी, न घासता. हात टॉवेलने न पुसता हवेवर वाळू दिला. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला आणि वरून कॅलामाइन लोशन लावलं. अर्ध्या तासात मुलीचं रडणं थांबलं. रात्री खाज पुन्हा वाढली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी वजनानुसार सेटिरिझिनचं सिरप दिलं. रेघा तिसऱ्या दिवशी फिकट झाल्या. फ्रॉक वेगळा, गरम पाण्यात धुतला. एरवी कपाटातल्या कपड्यांनाही कुसळं लागली असती.

कोकणातल्या वाचकांना इथे खाजकुयली आठवली असेल. तिच्या शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लव अशीच कातडीत रुतते. प्रथमोपचार तोच, पण एक फरक लक्षात ठेवा. खाजकुयलीच्या केसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिन असतं आणि ते खाजेच्या नसांना थेट चेतवतं. सेटिरिझिनसारखी औषधं शरीरातल्या हिस्टामिनला अडवतात. इथे खाज मुळात वेगळ्या वाटेने येते, म्हणून गोळीचा गुण कमी येतो. अशा वेळी गोळ्या वाढवू नका, चिकटपट्टी पुन्हा फिरवा.

काही घरांत शेण किंवा ओली माती लावून वाळली की काढतात. केस चिकटून निघावेत, ही त्यामागची कल्पना बरोबरच आहे. पण खाजवून सोललेल्या कातडीवर शेण-माती म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. चुना तर नकोच, तो कातडी भाजतो. आणि मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ मागू नका. त्यांतल्या पुष्कळ ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, मुलांच्या चेहऱ्यावर तर मुळीच नको.

घरचा उपाय कुठे थांबतो? केस डोळ्यात गेला असेल तर डोळा चोळू देऊ नका, तिथे चिकटपट्टीही नको. पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा; केस बुबुळात रुतून पुढे डोळा सुजू शकतो. ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, उलट्या किंवा चक्कर यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. महाराष्ट्रात १०८, इथे सौदीत ९९७ लावा. दोन-तीन दिवसांनी लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून दवाखाना गाठा. आणि लगेच खाज न येता दुसऱ्या दिवशी जळजळणारी, फोडांची रेघ उठली, तर तो बहुधा सुरवंट नसून अंगावर चिरडलेला एखादा किडा असतो. तेही डॉक्टरांना दाखवा.

यंदा गावी जाताना बॅगेत चिकटपट्टीचं एक रीळ, छोटा चिमटा आणि कॅलामाइनची बाटली टाका. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि घरच्यांना एक सांगा, खोडावरचे सुरवंट वाऱ्याच्या दिवशी झाडूने पाडू नका. मेलेल्या सुरवंटाचे, त्याच्या कोषाचे केसही तितकेच खाजवतात आणि ते उडून अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात.